“परवा” म्हणजे शनि की रवि? : दोन मित्रांचं चॅट, टिपांसह

केतकी आणि रोहन कॉलेजपासूनचे मित्र. गुरुवारी रात्री उशिरा फोनवर झालेलं त्यांचं बोलणं जसं टाइप झालं तसंच इथे ठेवलं आहे. टिपा मध्येमध्ये आहेत.

रोहन: काय गं
रोहन: जागीयेस?
केतकी: होओओ
केतकी: बोल ना
रोहन: वीकेंडला काये तुझं
केतकी: काहीच नै अजून
केतकी: का रे
रोहन: तळ्यावर जायचं का, टेकडीमागच्या
केतकी: गेल्तो की आपण तिथे
रोहन: तेव्हा दुपारी गेल्तो
रोहन: पक्षी बघायचे तर उजाडताना पोचायला पायजे

“जागीयेस” म्हणजे जागी आहेस, “काये” म्हणजे काय आहे, “गेल्तो” म्हणजे गेलो होतो. बोलताना “आहे” आणि “होतो” आधीच्या शब्दात विरघळतात, आणि कानाला ऐकू येतं तेच बोटं लिहितात. याला अशुद्ध म्हणणं मला मुळीच पटत नाही. अर्जात “गेल्तो” चालणार नाही हे खरं, पण मित्राला “आपण तेथे गेलो होतो” असं लिहिलं तर त्याला वाटेल, ही रागावली की काय. “रे” आणि “गं” तर नाव न घेता जवळीक सांगतात. म्हणूनच नुकती ओळख झालेल्या मोठ्या माणसाला लिहिताना ते टाळायचे.

केतकी: मस्त, कधी मग
रोहन: परवा
केतकी: डन
केतकी: बीटीडब्ल्यू बाबांची दुर्बीण आहे, आणू?
रोहन: आण आण
रोहन: बीआरबी, फोन येतोय

(मध्ये अर्धा तास गेला. रात्रीचे १२:१०.)

रोहन: आलो
केतकी: मग उद्या किती वाजता
रोहन: उद्या?? परवा ना
केतकी: अरे १२ वाजून गेले
केतकी: आता शुक्रवार लागला
केतकी: तुझं परवा म्हणजे शनि की रवि
रोहन: शनि शनि
रोहन: मी झोपेपर्यंत गुरुवारच धरतो
केतकी: एलओएल

“बीटीडब्ल्यू” म्हणजे बाय द वे, विषय बदलताना. “बीआरबी” म्हणजे लगेच परत येतो. “एलओएल” म्हणजे हसू आलं. अशी अक्षरं कळली नाहीत तरी फार बिघडत नाही, समोरचा विचारतो आणि पुढे जातो. घोळ होतो तो साध्या, पूर्ण लिहिलेल्या शब्दांनी. “परवा” मराठीत दोन्हीकडे चालतो, होऊन गेलेला आणि येणारा. वाक्यातल्या क्रियापदावरून आपण दिशा ओळखतो, आणि चॅटमध्ये नेमकं क्रियापदच गळतं. त्यात मध्यरात्र ओलांडली की “उद्या”ही हलतो, कारण एकाच्या मनात दिवस बदललेला असतो आणि दुसऱ्याच्या मनात नाही. शिवाय संदेश सकाळी वाचला गेला तर तो कोणत्या रात्री लिहिला हे कोण बघत बसतं? केतकीनं वाराचं नाव विचारलं, तेच योग्य.

रोहन: साडे६ला?
केतकी: निघायचं की पोचायचं
रोहन: पोचायचं
केतकी: मग पावणे६ला भेटू, चालत पाऊण तास धर
रोहन: धाकटा पण यायचं म्हणतोय, चालेल?
केतकी: के
रोहन: के म्हणजे
रोहन: नको असेल तर सांग गं
केतकी: अरे नै नै
केतकी: दात घासत होते, एका हाताने टाइप केलं
केतकी: येऊ दे की त्याला!!

“साडे६”, “पावणे६ला” हे अर्धं अक्षरात, अर्धं आकड्यात लिहिणं मला फार आवडतं. वाचताना क्षणभरही अडत नाही.

“के” हे ओकेचं उरलेलं टोक. एकटं आलं की ते कोरडं लागतं. आवाज आणि चेहरा नसतो, म्हणून वाचणारा लांबीवरून मन ओळखू बघतो. “होओओ”मधला ताणलेला ओ, “शनि शनि”, “नै नै”, दोन उद्गारचिन्हं, ही सगळी आवाजाची जागा भरतात. पूर्णविरामाचंही तसंच आहे. ओळ संपली की संदेश संपतो, त्यामुळे छोट्या उत्तरापुढे मुद्दाम दिलेला पूर्णविराम दार लावल्यासारखा वाटतो. रोहननं मनात न ठेवता सरळ विचारलं, हे चांगलं केलं.

केतकी: थांब, एकदा नीट लिहिते
केतकी: शनिवारी सकाळी ५:४५ला बसस्टॉपवर भेटायचं. दुर्बीण माझ्याकडे. पाणी आणि टॉर्च तुझ्याकडे. पाऊस असेल तर ५ वाजता फोन करायचा.
रोहन: पर्फेक्ट
रोहन: हे पिन करतो

अख्ख्या चॅटमध्ये पूर्णविराम फक्त या एका संदेशात आहेत आणि इथे ते कुणालाच खटकत नाहीत. वार, वेळ, जागा, कोणी काय आणायचं: एवढं अख्ख्या शब्दांत लिहिलं की बाकी हवं तेवढं तोडा, जोडा, ताणा.

केतकी: चल झोपते
केतकी: जीएन
रोहन: जीएन, टीसी
रोहन: आणि दुर्बिणीची काच पुसून आण गं
केतकी: होओओ रे