तो फॉर्म

तहसील कार्यालयातील जमीन शाखेचे अव्वल कारकून खैरनार यांच्या टेबलासमोर दर सोमवारी, म्हणजे तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी, निवृत्तीबाबा येऊन उभे राहत, टोपी सारखी करत आणि एवढेच म्हणत, "भाऊसाहेब, तेवढा तो फॉर्म द्या."

पहिल्यांदा खैरनारांनी रीतसर विचारले, "कोणता फॉर्म, बाबा?"

"सातबाऱ्याला बायकोचं नाव लावायचा."

नाव लावायचे म्हटल्यावर खैरनारांचा हात सवयीने कपाटाच्या दुसऱ्या कप्प्याकडे गेला आणि त्यांनी वारस नोंदीचा छापील अर्ज काढून दिला. बाबांनी तो कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडून वाचून घेतला आणि तासाभरात परत आणला. "ह्याच्यात मयताचं नाव विचारलंय, भाऊसाहेब. मयत कोणाला दाखवू? सातबाऱ्यावर तर मी एकटाच आहे."

"मग वारस नोंद तुमच्या पश्चातच होईल ना."

"पश्चात तर होईलच. मला आत्ता करायचंय. त्याचा वेगळा फॉर्म असतो."

पुढच्या सोमवारी खैरनारांनी त्यांना बक्षीसपत्राचा मार्ग सांगून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पाठवले. तिथे बाहेर बसलेल्या वकिलाने मुद्रांक, नोंदणी फी आणि स्वतःची फी असा हिशेब मांडल्यावर बाबा उलट पावली परतले, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार तो फॉर्म फुकटात भरता येत होता. त्यानंतर त्यांना कलम 85 खालील वाटपाचा अर्ज मिळाला. तोही त्यांनी नीट घडी करून परत दिला. वाटप सहहिस्सेदारांत होते आणि बायको सहहिस्सेदार नाही म्हणून तर आपण इथे आलो आहोत, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले की शेजारच्या टेबलावरच्या महसूल सहायक मुलीने मान खाली घालून हसू दाबले.

खैरनार कामचुकार नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. त्यांनी कधी कोणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता, आणि आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. फक्त त्या हातात ते नेहमी कपाटातला एखादा छापील कागद देत, आणि जे काम त्या कपाटातल्या कोणत्याच कागदात बसत नाही, ते काम महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात नसतेच, असा त्यांचा इतक्या वर्षांच्या नोकरीतून झालेला पक्का समज होता. आपल्याकडे प्रामाणिक माणसांनी अडवलेल्या कामांची मोजदाद कोणी करत नाही.

शेवटी एका सोमवारी, पीक नुकसानीच्या याद्या जिल्ह्याला पाठवण्याची घाई चालली असताना बाबा पुन्हा समोर उभे राहिले, तेव्हा खैरनारांचा आवाज चढला. "असा फॉर्म नाही. कुठेच नाही. तुम्हाला हे सांगितलं तरी कोणी?"

"शरद जोशींनी," बाबा म्हणाले. "शहाऐंशीला चांदवडला महिलांचं अधिवेशन झालं, तिथं मी हिला घेऊन गेलो होतो. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, की ज्यानं त्यानं आपल्या हातानं बायकोला जमीन लावून द्यायची. मग बाण्णव साली सरकारचंही पत्रक निघालं. गावात सभेत वाचून दाखवलं होतं, मी पुढंच बसलो होतो."

"मग तेव्हाच का नाही लावलं?"

"तेव्हा जमीन वडलांच्या नावावर. ते गेल्यावर माझं लागलं, आणि हिचं राहून गेलं." बाबा थोडे थांबले. "औंदा धाकटा भाऊ वारला. त्याच्या माघारी वारस लावताना भावजयीला पंचांपुढं सांगावं लागलं, की मी ह्यांची बायको आहे. चाळीस वर्षं त्या रानात कांदा लावला बाईनं. माझ्या बायकोचं मला माझ्या तोंडानं सांगायचंय."

खैरनारांनी उत्तर दिले नाही. त्या संध्याकाळी कार्यालय रिकामे झाल्यावर ते अभिलेख कक्षात गेले. आपण बरोबर आहोत, हे एकदा कागदानिशी सिद्ध करावे आणि सोमवारची कटकट संपवावी, एवढाच त्यांचा हेतू होता. शासन परिपत्रकांच्या जुन्या संचिका सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या. 1992 ची संचिका सोडताना सुतळी हातात तुटली, आणि महसूल व वन विभागाचे 15 सप्टेंबर 1992 चे परिपत्रक त्यांना त्यात सापडले. पतीने हयातीत अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून अधिकार अभिलेखात दाखल करता येते, असा त्याचा अर्थ होता. नमुना मात्र जोडलेला नव्हता, उलटूनपालटून पाहिले तरी नव्हता.

फॉर्म नव्हताच. खैरनारांना क्षणभर आपलेच खरे झाल्याचा आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी तो ओसरला, कारण ज्या कामासाठी हा माणूस इतके सोमवार खेटे घालत होता, त्याला एक कोरा कागद पुरला असता आणि तो त्यांच्या टेबलावर रिमच्या रिम पडलेला होता.

पुढच्या सोमवारी बाबांनी तोंड उघडण्यापूर्वीच खैरनारांनी त्यांना समोरच्या खुर्चीत बसवले. मा. तहसीलदार यांस उद्देशून अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, त्यात गट नंबर, क्षेत्र आणि आकार नोंदवला, परिपत्रकाचा संदर्भ दिला आणि बाबांना समजावून सांगितले, की आदेश निघाला की तलाठी फेरफार घेतील आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतील. पुढे कोणी हरकत घेऊ नये म्हणून पत्नीचीही सही घेतलेली बरी, असे त्यांनी सुचवले, कारण काहीतरी जास्तीचे मागितल्याशिवाय अर्ज पुरा झाल्यासारखे त्यांना वाटत नसे.

"आणलीये," बाबा म्हणाले. "बाहेर भाजीची पिशवी सांभाळत बसलीये."

ताराबाई आत आल्या, पदर सारखा करून खुर्चीच्या कडेवर बसल्या, पण पेन पुढे केल्यावर त्यांनी ते घेतले नाही. अर्ज त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. मग त्याखाली जोडलेला सातबारा वर काढला. आजवर ही कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली बाबांच्या करदोट्याला असे. त्यांचे बोट नाव, क्षेत्र, आकार असे करत इतर हक्काच्या रकान्यात येऊन थांबले.

"भाऊसाहेब, हे काय लिहिलंय? विकास सोसायटी, बोजा, एक लाख वीस हजार?"

"सोसायटीचं कर्ज आहे ते, मावशी. पीक कर्ज."

"ते फेडलं ना." त्या बाबांकडे वळल्या. "दोन वर्षांमागं कांद्याचे पैसे आले तेव्हा फेडलं म्हणाला होतात."

बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. "फेडलं होतं. परत उचललं."

"कशाला?"

"नंतर सांगतो."

"नाव आत्ता लागतंय ना माझं? मग आत्ताच सांगा."

महसूल सहायक मुलीचे टंकन थांबले होते. खैरनारांनी आवक नोंदवही पुढे ओढली, मग पुन्हा मिटली, कारण सही झाल्याशिवाय अर्जाला क्रमांक देता येत नव्हता. बाबांनी त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिले.

"भाऊसाहेब, पुढच्या सोमवारी आलं तर चालंल का?"

"चालेल की," खैरनार म्हणाले.

"नाही चालायचं," ताराबाई म्हणाल्या आणि सातबारा हातात घट्ट धरून त्यांनी खुर्ची नवऱ्याच्या बाजूला वळवून घेतली.