मोडी वर्ग, पहिली संध्याकाळ: सात वाजेपर्यंत

नमस्कार, या, या. पावणेसातलाच आलात, फार बरं वाटलं. माझा आवाज येतोय ना? येत असेल तर चॅटमध्ये नुसतं 'हो' लिहा, माइक इतक्यात सुरू करू नका. एक हो... दोन... चौघांना येतोय. छान.

वर्ग सातला आहे, पण कणकुंबी, जांबोटीकडं पाऊस धरून बसलाय, लाईट जाते-येते. तिकडच्या तिघांनी नावं दिली आहेत, म्हणून सात वाजून पाच मिनिटांपर्यंत थांबूया. पहिली दहा मिनिटं चुकली की मोडी पुढं अवघड वाटते, आणि मला कुणी मागं राहिलेलं नकोय.

तोवर आपापलं गाव लिहा. निपाणी... येळ्ळूर... खानापूरचे काका, नमस्कार! शहापूर, म्हणजे आमच्या शेजारचेच की ओ. संकेश्वरच्या ताई, तुमचा कॅमेरा छताकडं बघतोय, फोन तांब्याला टेकवून उभा करा. हां, आता दिसलात. मागं नातू आहे होय? बसू दे त्यालाही. पोरं ही लिपी पटकन उचलतात.

आता दुसरं लिहा. घरातले जुने कागद कुठं ठेवलेत? ट्रंकेत... माळ्यावर... देव्हाऱ्याच्या फळीवर, लाल फडक्यात. हे लाल फडकं आमच्याकडंही होतं. त्यात तीन पिढ्यांच्या तीन लिप्या होत्या: पणजोबांचं गहाणखत मोडीत, आजोबांची पत्रं बाळबोधात, आणि वरचा शेताचा उतारा कन्नडात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्याआधीची कितीतरी कागदपत्रं मोडीत आहेत. माझ्या वडिलांना कन्नड वाचता यायचं, बाळबोध यायचं, पण स्वतःच्या आजाची सही ओळखता यायची नाही. ते कागद हातात धरायचे आणि परत बांधून ठेवायचे. मी मोडी शिकले ती त्यासाठी. एका संध्याकाळी मी ते गहाणखत त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, परत वाच.

या, या, आता आलेल्यांना नमस्कार. गाव लिहा, माइक बंद ठेवा. गप्पाच चालल्यात, वर्ग अजून सुरू झालेला नाही.

चिकोडीचे दादा विचारतायत, कागद फाटायला आलाय, चिकटपट्टी लावू का? नको, अजिबात नको. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरं उपटून येतात. लॅमिनेशनही करू नका, ते परत निघत नाही. घडी हलक्या हातानं उघडा, दिवसा खिडकीजवळ फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. मग सुती कापडात ठेवून द्या. आपल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

अजून सहा मिनिटं आहेत. कागद, पेन घेतलंत? बाळबोधात 'बेळगाव' लिहा, आणि पेन किती वेळा उचललं ते मोजा. डोक्यावरच्या रेघेसकट! काकांचं नऊ, ताईंचं सात, नातवाचं आठ. बरोबर, ज्याच्या त्याच्या वळणावर आहे. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरं एकमेकांत गुंफत जायचा, बोरू शाईत बुडवायलाच उचलायचा. म्हणून शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळलेला नाही. शब्द कुठं तुटतो ते आपण अर्थावरून ठरवायचं. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आता एक गणित. कागदावर शके १७९० असेल तर इसवी सन किती? ७८ मिळवा. १८६८, बरोबर! येळ्ळूरचं उत्तर पहिलं आलं. आणि महिना माघ, फाल्गुन असेल तर? तेव्हा इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढं रोज लागेल.

मध्येच कुणाचं नेट गेलं तर घाबरू नका, त्याच लिंकवरून परत या, मी आत घेईन. अक्षरांचं पान चॅटमध्ये टाकलंय, ते आत्ताच उतरवून ठेवा.

सात वाजून चार मिनिटं... अरे, कणकुंबी आली! नमस्कार दादा. लाईट नाही, कंदिलापाशी बसलाय? चालेल, फोन चार्ज आहे ना, मग पुरे. तुमच्यासाठीच थांबलो होतो. बाकीचे दोघं मागं आहेत म्हणता, येतील.

चला, सगळ्यांनी वही आडवी धरा. मी स्क्रीनवर पहिली रेघ ओढते, कडेपासून कडेपर्यंत. तुम्हीही ओढा.