द्वादशीची भरती

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे सायली चौथीत असतानाच शिकली. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. दिवसा तेवढेच, रात्रीही साधारण तेवढेच. बाबा त्याला पंचांगाचं पाणी म्हणायचा.

पण हर्णैला नुसत्या वेळेवर भागत नाही. सुवर्णदुर्ग समोर उभा आहे खरा, तरी मोठी लाट त्याला वळसा घालून आत येतेच. म्हणून वादळाची चाहूल लागली की होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधायच्या, हा जुना रिवाज. आणि त्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला. सुकतीला होडी तिथे टेकते. वर लाट असली तर टेकलेली होडी आडवी पडते, मग तिला सोडवायला कोणी पुढे होऊ शकत नाही. आत शिरायचं तर भरतीच हवी.

बाबाने तिला पाणी बघायला शिकवलं ते खडपावर बसवून. तिथे एकाखाली एक तीन धोंडे आहेत. "भरती लागली की पहिला तास पाणी रेंगाळतं. मधले दोन तास धावतं. शेवटी परत दमतं. मधला धोंडा बुडला की समज, अर्धं पाणी आलं." ती वहीत लिहायची: तिथी, धोंडा बुडायची वेळ, वारा कुठला. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, खालचा धोंडा नीट उघडाही पडत नाही. अवसेच्या उधाणाला तोच धोंडा पार कोरडा पडतो आणि त्याच्या बुडाशी खेकडे दिसतात. वही भरली, दुसरी केली. आईला वाटायचं, पोरगी अभ्यास करते आहे. तो अभ्यासच होता.

2019 च्या दिवाळीत बंदरावर गर्दी कमी होती. खलाशी सणाला गावी गेलेले. फोनवर इशारा आला होता, समुद्रात जाऊ नका, बाहेर असाल तर परत या. एकादशीच्या संध्याकाळी लिलाव लवकर आटपला आणि जो तो उद्याचं बोलायला लागला. उद्या द्वादशी. नऊची भरती. सगळ्यांचं ठरलं, साडेआठला नांगर उचलायचे आणि आंजर्ल्यात शिरायचं.

सायलीला पहाटे जाग आली ती गरम होत होतं म्हणून. या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, अंगावर चादर ओढावी लागते. आज पान हलत नव्हतं. ती उठून दारात आली. वारा नव्हता, पण पुळणीवर लाट फुटल्याचा आवाज येत होता. एक फुटली की बराच वेळ काही नाही, मग पुढची. वाऱ्याने उठलेली लाट अशी येत नाही, ती घाईघाईने एकावर एक येते. ही लांबून निघालेली लाट होती. तिने बॅटरी घेतली आणि खडपाकडे गेली.

पाच वाजले होते. मधला धोंडा दिसत नव्हता.

तिने बॅटरी फिरवली, जागा चुकली का बघितलं. वरचा धोंडा जागेवर होता. मधला पाण्याखाली, आणि द्वादशीला तो सहाच्या आधी कधी बुडत नाही, हे दोन्ही वह्यांत होतं. ती लगेच पळाली नाही. लाट आत-बाहेर होते, एका लाटेवरून पाणी ठरवायचं नाही. लाट ओसरल्यावर पाणी कुठे थांबतं ते तिने बघितलं. पुन्हा बघितलं. मग गालाला वारा लागला, ओला, दक्षिणेकडून.

बाबा ओटीवर चूळ भरत होता.

"बाबा, पाणी पुढे आहे."

"किती?"

"तासभर. मधला आत्ताच बुडलाय. आणि मतलई नाही, खालचा वारा लागलाय."

"नऊची भरती आहे गो."

"नऊची आहे, पण सात वाजता आठचं पाणी असेल. आंजर्ल्याला होडी शिरेल एवढं. नऊपर्यंत थांबलो तर पाणी अजून मिळेल, पण लाटही वाढेल. आणि सगळ्या होड्या एकदम तोंडाशी येणार. कोणाला थांबावं लागलं की पुढे सुकती. सुकतीचं पाणी बाहेर आणि लाट आत, तेव्हा काय होतं ते तूच सांगितलंस."

बाबा काही बोलला नाही. चपला न घालता खडपापर्यंत गेला, उभा राहिला, परत आला. आईला म्हणाला, "चहा नको. हिला घेऊन जातो."

"तिला?" आईने विचारलं. मुलगी होडीवर जाते हे तिला नवीन नव्हतं. दर्याचा हा रंग मात्र तिनेही ऐकला होता. "खलाशी नाही एक. शेजारचा कोणी बघा."

"शेजारच्याला धोंडा दिसला नाही," बाबा म्हणाला. जाता जाता त्याने चार घरांची दारं वाजवली. दोन तांडेल निघाले. बाकीचे म्हणाले, पंचांग आमच्याकडेपण आहे.

इंजिन लागलं तेव्हा उजाडत होतं. पाऊस अजून नव्हता, दक्षिणेकडे मात्र आभाळ खाली टेकल्यासारखं काळं. किनारा धरून जाता येत नव्हतं. लाट उथळ पाण्यात उठत होती, म्हणून बाबाने होडी बाहेरून घेतली. डोंगरावर कड्यावरच्या गणपतीचं शिखर दिसलं तसं सायलीने कपाळाला हात लावला आणि नाळेवर जाऊन बसली.

खाडीचं तोंड पांढरं होतं. फेस या काठापासून त्या काठापर्यंत. बाबाने इंजिन हळू केलं.

"मोज."

मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत, चार-पाच लागोपाठ येतात, मग जरा उसंत देतात. शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीवर आत जायचं. तिच्या पुढे गेलं तर ती होडीवर पडते, फार मागे राहिलं तर पुढची गाठते. सायलीने एक खेप नुसती जाऊ दिली. दुसऱ्या खेपेला चौथी लाट सगळ्यांत उंच होती, पाचवी बुटकी. फेसात एक पट्टा होता, उत्तरेच्या अंगाला, तिथे लाट उठत होती पण फुटत नव्हती. तिथे पाणी खोल.

"डावीकडचा पट्टा धर बाबा! ही जाऊ दे. ही पण. आता!"

इंजिन ओरडलं. होडी लाटेमागून निघाली, सुकाणू बाबाच्या काखेत. एकदा खालून खरवडल्यासारखा आवाज आला आणि सायलीने दोन्ही हातांनी कठडा धरला. मागून पाणी आलं, होडी उचलली गेली, आणि मग लाटच संपली. पुढे खाडीचं तपकिरी पाणी, कांदळवन, बगळे.

मागच्या दोन्ही होड्या तिच्याच पट्ट्याने आत आल्या.

आठला पाऊस कोसळला आणि वारा भडकला. साडेआठला निघालेल्यांपैकी काही होड्या शिरल्या, काहींना तोंडावरून माघारी फिरावं लागलं. त्या दिवसभर सुवर्णदुर्गाच्या आडोशाला दोन-दोन नांगर टाकून थांबल्या. दोन होड्यांचे दोर तुटले आणि त्या पुळणीवर येऊन फुटल्या. माणसं पोहून आली. वादळाचं नाव क्यार आहे आणि ते किनाऱ्यावर न येता बाहेरच्या दर्यात निघून गेलं, हे नंतर टीव्हीवर कळलं.

खाडीत मात्र तेव्हा वेगळीच गडबड होती. दहा वाजून गेले तरी पाणी उतरत नव्हतं. शेजारच्या होडीवरचा म्हातारा तांडेल दोर आवळून बांधत होता.

"काका, आवळू नका," सायली ओरडली. "पाणी अजून चढतंय. दोर खेचला जाईल."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग बाबाकडे.

"ती सांगते ते करा," बाबा म्हणाला, आणि डिझेलच्या टाकीवर ताडपत्री टाकायला आत गेला. सायली कमरेएवढ्या पाण्यात उतरली, काकांच्या होडीची गाठ सोडली आणि हातभर वर, कांदळाच्या जाड खोडाला बांधायला लागली.