बाही वर करा, मग बोलू

नमस्कार मंडळी. सत्कार झाला, नारळ मिळाला, आता माझ्या बोलण्याआधी तुम्ही एक काम करा. बाही दंडापर्यंत वर घ्या. मावशी, तुम्हीसुद्धा, लाजू नका. दंडाची आतली बाजू बघा, काखेजवळची. आणि आता पंजाची पाठ बघा. दंड कसा मऊ, एकसारख्या रंगाचा दिसतोय, आणि पंजावर डाग, सुरकुत्या, कागदासारखी कातडी. दोन्हींचं वय एकच आहे ना? जन्मतारीख वेगळी तर नाही?

हा फरक बहुतांशी उन्हानं केलाय. कोल्हापुरी चप्पल वर्षानुवर्षं घातली असेल त्यांनी घरी गेल्यावर पाय बघा. पट्ट्याखालचा भाग गोरा आणि बाकीचा पाय रापलेला. चामड्याच्या त्या पट्टीएवढी सावली मिळाली, तेवढी कातडी वाचली. म्हणून 'वय झालं, आता काय करायचं' हे वाक्य मला दवाखान्यात ऐकायला आवडत नाही. सत्तरीतही ऊन टाळलं तर पुढचं नुकसान थांबतं.

पण तुमच्यातले बहुतेक जण माझ्याकडे उन्हासाठी येत नाहीत, खाजेसाठी येतात. त्यामुळे आधी खाजेचं बोलते.

माझे वडील तालमीत वाढलेले. आंघोळ म्हणजे बंबातलं कढत पाणी, दोनदा साबण आणि वज्रीनं घासणं. पंच्याहत्तरी ओलांडली तशी थंडीत त्यांच्या पोटऱ्यांना खाज सुटायला लागली. पाय सुकलेल्या तळ्यासारखे भेगाळलेले. त्यांचा तर्क असा, की खाज येते म्हणजे कुठेतरी मळ राहतोय. म्हणून तिसऱ्यांदा साबण! लेक त्वचेची डॉक्टर, आणि मला हे कळायला दोन महिने लागले, कारण मी त्यांच्या नडग्या कधी बघितल्याच नव्हत्या.

वय वाढतं तसं कातडीतलं तेल कमी होतं. कढत पाणी आणि साबण उरलंसुरलं तेल धुऊन नेतात. मग कातडी सुकते, खाजते, खाजवलं की ओरखडा, ओरखड्यातून जंतू. वडिलांना औषध कमी दिलं, सवयी जास्त बदलल्या. पाणी कोमट. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना, बाकी अंगाला नुसतं पाणी. वज्री ठेवली, पण फक्त टाचांपुरती. अंग पंचानं टिपायचं, रगडायचं नाही, आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. दोन आठवड्यांत रात्रीची झोप लागली.

मलम कुठलं? महागडी बाटली घ्यायची गरज नाही. साधी, बिनवासाची व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली चालते. ती लावून लगेच गॅसपाशी किंवा निरांजनापाशी मात्र जाऊ नका, त्यानं माखलेला कपडा चटकन पेट घेतो. खोबरेल तेलही चालतं. फक्त न्हाणीघरात उभं राहून तळपायाला तेल चोळू नका. कातडीचं भलं करायला जाऊन खुब्याचं हाड मोडलेले पेशंट मी पाहिलेत. खुर्चीत बसा, तेल लावा, मोजे घाला, मग उठा. मधुमेह असेल तर बोटांच्या बेचक्यांत काही लावायचं नाही, तिथं ओल राहिली की बुरशी धरते. आणि रोज रात्री आरसा घेऊन तळपाय बघायचा. वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगा, मोबाईलचा टॉर्च त्याच्याकडे असतोच.

खाज रात्री जास्त आणि घरातल्या आणखी कुणाला येत असेल, तर ती बहुधा खरूज. तिथे तेल लावून भागत नाही, सगळ्या घरानं एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. अंगावर काहीच दिसत नाही पण आठवडेच्या आठवडे खाज थांबत नाही, तर रक्त तपासा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचा बिघाड कधीकधी असा बोलतो. आणि दुकानातून 'खाजेची ट्यूब द्या' म्हणून आणलेली ट्यूब मला दाखवल्याशिवाय वापरू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस आराम वाटतो, महिनाभरात आधीच पातळ झालेली कातडी आणखी विरते.

आता ऊन. कोल्हापूरचं ऊन नागपूरएवढं नाही, म्हणून आपण बेफिकीर राहतो. पण कातडी भाजणारे किरण गरम लागतीलच असं नाही. पन्हाळ्यावर गार वारा असतो आणि तरीही ऊन लागतं. ढगांतूनही बरेचसे किरण खाली येतात. सकाळी दहा ते दुपारी चार एवढा वेळ सांभाळा. घड्याळ नको असेल तर सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन कडक आहे, आडोसा गाठा. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांनी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं. चैत्रात ज्योतिबाला जाणाऱ्यांनी पहाटेच निघावं.

गांधी टोपी मानाची आहे, पण कानाला आणि नाकाला तिची सावली मिळत नाही, आणि उन्हाचा त्रास तिथेच जास्त. रुंद काठाची टोपी घाला, फेटा किंवा उपरणं कानांवरून घ्या, नाहीतर काळी छत्री आहेच. पदर डोक्यावर घेताना तो उजेडात धरून बघा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जातं.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त घ्यावं. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. घोटभर चहात थेंबभर दूध टाकल्यासारखं लावून उपयोग नाही. उन्हातच राहायचं असेल तर दोन तासांनी पुन्हा.

मागच्या रांगेतून कुणीतरी 'मग व्हिटॅमिन डी?' म्हणालं. बरोबर प्रश्न. साडेसहाच्या कोवळ्या उन्हात ते बनवणारे किरण फार थोडे असतात. त्यासाठी दुपारी चेहरा भाजायचा नाही. रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेणं सोपं.

घरी गेल्यावर आपल्या गोळ्यांची पिशवी उघडा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, काही अँटिबायोटिकं, हृदयाच्या ठोक्यांची काही औषधं, यांनी ऊन लवकर बाधतं. गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या हातावर दाराची कडी लागली तरी जांभळा डाग उठतो. तो डाग बहुधा दोनेक आठवड्यांत फिका पडतो, घाबरू नका. पण कारण नसताना सगळ्या अंगावर डाग उठले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी, पण नाही असं नाही. महिना झाला तरी न भरणारी जखम, नाकाजवळची चमकदार गाठ जिच्यावर खपली धरते, पडते, पुन्हा धरते, जुन्या भाजल्याच्या व्रणावर नव्यानं झालेला चट्टा, हे दाखवायचं. आपल्या रंगाच्या माणसांत काळा कर्करोग तळपायावर किंवा नखाखाली लपतो. नवीन काळा डाग, वाढणारा, वेड्यावाकड्या कडेचा, किंवा नखाखालची रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली तर 'चिखल असेल' म्हणू नका. चिखल धुतल्यावर जातो.

बास, चहा आलाय. मागच्या खोलीत पडदा लावलाय, खुर्ची ठेवलीय, भिंग आणलंय. ज्यांना तळपाय किंवा पाठ दाखवायची असेल त्यांनी या, पण गोळ्यांची नावं सांगावी लागतील. पिशवी बरोबर असलेल्यांचा नंबर पहिला. मघाशी बाही वर करायला नको म्हणणाऱ्या मावशींना मी आधी बोलावते, कारण त्यांच्या कोपरावरचा तो चट्टा मला इथूनच दिसला.