धार लावायचा दुहेरी दगड आला आहे: १००० आणि ३०००

नमस्कार,

तुम्ही आमच्याकडून १००० नंबरचा धार लावायचा दगड घेतला होता, म्हणून हे पत्र. आता दुहेरी दगड तयार झाला आहे: एका अंगाला १०००, दुसऱ्या अंगाला ३०००. लांबी १८० मिलिमीटर, रुंदी ६०, जाडी ३०.

हवा असेल तर या मेलला उत्तर द्या आणि एवढाच शब्द लिहा: हवा

किंमत आणि दगड कधी पोहोचेल ते आम्ही उलट मेलने कळवू. त्यावर तुमचा होकार आला तरच दगड पाठवू. आत्ता पैसे भरायचे नाहीत.

जुना दगड बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे १० ते १५ मिनिटं, पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. नव्यावर पाणी शिंपडलं की काम सुरू. मात्र जुन्या सवयीने हा भिजत घालू नका. याची बांधणी मॅग्नेशियाची आहे. पाण्यात राहिला तर मऊ पडतो आणि वाळताना तडकतो. काम झालं की धुवा, पुसा, सावलीत उभा करून ठेवा.

सुरुवात १००० वरच करायची. पातं १५ ते २० अंशांत धरा आणि एकाच बाजूने घासत राहा. पात्याच्या दुसऱ्या बाजूला, टोकापासून मुठीपर्यंत, बोटाला बारीक खरखर लागली की मगच बाजू बदला. दोन्ही बाजू झाल्या की दगड उलटा करा आणि ३००० वर अगदी हलक्या हाताने, आलटून पालटून, ती खरखर जाईपर्यंत फिरवा. घाई करून ३००० कडे वळलात तर पातं चकाकेल, पण टोमॅटोच्या सालीवरून घसरेल.

कडेला खांडे पडलेल्या पात्यासाठी हा दगड नाही. त्याला आधी ४०० च्या आसपासचा जाड दगड लागतो. दातेरी सुरीलाही हा चालत नाही.

आणि जुना दगड मध्ये खोलगट झाला आहे एवढ्यासाठी नवा घेऊ नका. त्यावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारा, सपाट काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासा. ३००० ची गरज असेल तरच नवा मागवा.

कळावे,
ग्राहक सेवा विभाग

खरेदीच्या वेळी तुम्ही नव्या मालाची माहिती मेलवर घ्यायला होकार दिला होता, म्हणून हे पत्र तुमच्याकडे आलं. पुढे नको असेल तर वर आमच्या नावाशेजारचं Unsubscribe दाबा. तुमच्या जुन्या खरेदीच्या नोंदीला त्याने धक्का लागत नाही.