पाच एम.एम.च्या मधलं

विट्यातल्या त्या पंचवीस खाटांच्या दवाखान्यात रात्री एकच डॉक्टर असतो. डिसेंबरातल्या त्या रात्री डॉ. संकेतची पाळी होती. 1 वाजून 40 मिनिटांनी ऊसतोड टोळीची जीप दारात उभी राहिली. मुकादम आणि दोघांनी मिळून बाळूला चादरीत उचलून आत आणलं. वय अठ्ठावीसच्या आसपास. बायको शांता मागून अनवाणी धावत आली.

"फळीवरनं पाठीमागं पडला, डाक्टर. मोळी डोक्यावर व्हती. गाडी भरायचं काम चालू व्हतं," ती म्हणाली.

"किती वाजता?"

मुकादमानं मोबाइलमध्ये पाहिलं. कारखान्याच्या गाडीवाल्याला त्यानं पडल्यावर लगेच फोन केला होता. 12 वाजून 20 मिनिटं. संकेतनं वेळ केसपेपरवर लिहिली. पुढचं पुष्कळसं या आकड्यावर ठरणार होतं.

बाळू डोळे उघडे ठेवून होता, हात सांगितल्यासारखा वर करत होता, पण आपण फडात आहोत असं म्हणत होता. शुद्ध मोजायचा आकडा, GCS, 14. नाडी 88, बी.पी. 136/84, दोन्ही बाहुल्या सारख्या, साखर 112. वाटेत दोनदा उलटी. वॉर्डबॉय हळूच म्हणाला, "घेतलीया वाटतं, साहेब." शांतानं ते ऐकलं. "माळ हाय त्याच्या गळ्यात. शिवत न्हाई तो." संकेतनं वास घेऊन पाहिला. दारूचा वास नव्हता. वास असता तरी स्कॅन चुकला नसताच. गुंगी दारूची आहे असं धरून बसलेल्या केसेस सकाळपर्यंत हातातून जातात.

मानेला कॉलर घातली आणि तसंच स्ट्रेचरवरून शेजारच्या सी.टी.च्या खोलीत नेलं. टेक्निशियन विनायक झोपेतून उठून आला होता. बाळू हलू नये म्हणून त्यानं कपाळावरून पट्टा बांधला. झोपेचं इंजेक्शन संकेतनं मुद्दाम दिलं नाही. दिलं असतं तर पुढे तो औषधानं झोपलाय की डोक्यातल्या दाबानं, हे सांगता आलं नसतं.

स्क्रीनवर एकेक काप सरकत गेला. मेंदूच्या दोन्ही बाजू सारख्या, मधली रेघ जागेवर, कडेला भिंगासारखा पांढरा डाग कुठे नाही. खालच्या कापांमध्ये, कानामागच्या दगडासारख्या हाडांमधून, काळ्या पट्ट्या आडव्या गेल्या होत्या. त्या तिथे नेहमीच असतात. जाड हाड किरणं अडवतं आणि मधला भाग मळकट दिसतो. संकेतनं मोबाइलनं स्क्रीनचे चार फोटो काढले, नागपूरला पाठवले आणि फोन लावला.

डॉ. मीनल रात्री सात-आठ गावांचे स्कॅन एकाच वेळी वाचत. "डॉक्टर, फोटो मी उघडत नाही. फोटोत तुम्ही लावलेली एकच विंडो येते, बाकीचं सगळं त्यातून गेलेलं असतं. मूळ फाइल पाठवा."

विनायकनं 32 काप पाठवायला लावले. एक काप अर्ध्या एम.बी.चा, म्हणजे सगळे मिळून सोळा. वाय-फायचा दिवा लाल होता, लाइन संध्याकाळपासून तुटलेली. मग मोबाइलचा हॉटस्पॉट खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला. 2 वाजून 21 मिनिटांनी 32/32 झालं.

मीनल मॅडमचा फोन तीन मिनिटांत आला.

"वरचा मेंदू मला ठीक दिसतोय. कापांवर 'बाळू, पुरुष, 28' आहे, तुमच्या पेशंटचंच ना?"

"हो मॅडम."

"फॉर्मवर तुम्ही 'डोक्याला मार' एवढंच लिहिलंय. कुठे लागलंय? पुढे, बाजूला, मागे?"

संकेत थांबला. कपाळ त्यानं पाहिलं होतं, कानशिलं पाहिली होती, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी येत नाही हेही पाहिलं होतं. मागचा भाग मात्र कॉलर आणि स्ट्रेचरच्या खाली राहिला होता.

"मॅडम, पाच मिनिटं द्या."

"मी थांबते."

त्यानं सिस्टर आणि वॉर्डबॉयला हाक मारली. स्वतः डोक्याशी उभा राहिला, दोन्ही तळहातांत डोकं आणि मान एका रेषेत धरली. "तीन म्हटल्यावर. एक, दोन, तीन." तिघांनी बाळूला ओंडक्यासारखं अखंड कुशीवर केलं. केसांत माती आणि पाचटाचे तुकडे होते. सिस्टरनं सांगितल्याप्रमाणे बोटं फिरवली, आणि डाव्या कानामागे चार बोटं आत बोटाखाली कातडी दबली. भिजलेल्या स्पंजासारखी. त्यावर खरचटलेलं होतं, जखम उघडी नव्हती, म्हणून उशीवर रक्त आलं नव्हतं.

बाळू कण्हला. आता डोळे हाक मारल्याशिवाय उघडत नव्हते. मॉनिटरवर नाडी 66.

"मॅडम, डावीकडे मागे, कानाच्या मागच्या रेषेत, मऊ सूज. साधारण पाच सेंटीमीटर. आणि तो पेंगतोय. GCS 13."

फोनवर माउसच्या टिचक्या ऐकू आल्या. "थांबा. डावीकडे खाली, हाडाच्या आतल्या कडेला, सिग्मॉइड साइनसपाशी, पांढरी कड आहे. मघाशी मी ती साइनस म्हणून सोडली होती. साइनसमधलं रक्तही मेंदूपेक्षा थोडं पांढरंच दिसतं. तुम्ही विंडो 200 आणि लेव्हल 70 करून बघा."

साइनस म्हणजे मेंदूतलं रक्त परत नेणारी, हाडाला लागून असलेली मोठी शीर. संकेतनं आकडे टाकले. `W 80 L 40` वर हाड आणि रक्त एकमेकांत मिसळून एकच पांढरी पट्टी दिसत होती. `W 200 L 70` केल्यावर हाड पांढरं राहिलं आणि त्याला चिकटलेला राखाडी पट्टा वेगळा झाला. तो स्क्रीनच्या उजव्या बाजूला होता, म्हणजे पेशंटच्या डाव्या. बोटाखाली सूज लागली तीच बाजू.

"दिसला."

"पण पाच एम.एम.च्या कापांवर मी नक्की म्हणणार नाही. हाडाची तड दोन कापांच्या मध्ये हरवते. उभा छेद काढला तर पायऱ्या-पायऱ्या दिसतात. तुमच्या मशीनवर रॉ डेटा अजून असेल. विनायकना सांगा, सव्वा एम.एम.नं पुन्हा बनवा, एक सॉफ्ट, एक बोन. पेशंटला परत आत न्यायची गरज नाही."

विनायक म्हणाला, "डेटा हाय सर. डिस्क भरली की मशीन जुनं आपोआप पुसतंय, पण आजचं हाय." सॉफ्टचे 124 काप तयार झाले, 62 एम.बी. हॉटस्पॉटवर वेग सेकंदाला दीड मेगाबिटच्या आसपास. साडेपाच-सहा मिनिटं लागणार होती, म्हणून त्यानं बोनचे काप मागे ठेवले आणि सॉफ्टचे आधी सोडले.

त्या मिनिटांत संकेत बसून राहिला नाही. खाट डोक्याकडून 30 अंश उचलली, कॉलर गळ्याच्या शिरा आवळत नाही ना हे बघून थोडी सैल केली. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत. मार लागून अजून तीन तास झाले नव्हते. 3 वाजून 20 मिनिटांनंतर ते द्यायचं कारण उरलं नसतं. 108 ला फोन केला आणि मिरजेच्या न्यूरोसर्जनचा नंबर डायरीतून काढून ठेवला.

"मॅनिटॉल काढा सिस्टर, अजून लावू नका."

सिस्टरनं बाटली उजेडाला धरली. तळाशी साखरेसारखे खडे बसले होते. डोक्यातला दाब उतरवणाऱ्या या 20 टक्क्यांच्या मॅनिटॉलचं थंडीत असंच होतं. खड्यांसकट लावलं तर नळी तुंबते, आणि शिरेत खडे जाऊ देणं कुणालाच परवडणारं नाही. तिनं तिन्ही बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात उभ्या केल्या, मधून मधून हलवत राहिली आणि फिल्टरचा सेट शोधून आणला.

2 वाजून 48 मिनिटांनी फोन आला. मॅडम आता सावकाश, एकेक शब्द सुटा बोलत होत्या.

"लिहून घ्या. डाव्या ऑक्सिपिटल हाडाला तड आहे, ट्रान्सव्हर्स साइनसवरून गेलेली. मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त आहे. उभ्या छेदात ते टेंटोरियमच्या वरही आहे आणि खालीही, म्हणून साइनसच असेल ही शंका संपली. साइनस हाडापासून उचलला गेलाय. लांबी 4, रुंदी 1.6, उंची 3.5. गुणाकाराचे निम्मे करा."

"अकरा मिलिलिटर."

"वरच्या बाजूला असतं तर अकराला घाई कुणी केली नसती. तिथे तीसचा आकडा बघतात. इथे जागाच नाही. चौथं व्हेंट्रिकल उजवीकडे ढकललंय, अरुंद झालंय, आणि वरची टेम्पोरल हॉर्न्स थोडी फुगायला लागलीत. पाणी अडायला लागलंय. हा बोलता बोलता श्वास थांबवू शकतो. सर्जनला हेच शब्द सांगा, आकड्यांसह. मी लेखी रिपोर्ट लगेच टाकते आणि काप त्यांच्या स्क्रीनवर उघडतील अशी लिंक देते. त्यांना सीडीची वाट बघायला लावू नका."

संकेतनं मिरजेला फोन केला तेव्हा सर्जन झोपेत होते. "पोस्टेरियर फोसा, एक्स्ट्राड्यूरल, अकरा मिली, चौथं व्हेंट्रिकल दाबलंय, GCS 14 वरून 13," एवढं ऐकल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. "पाठवा. मी ओ.टी. उघडायला सांगतो. रक्ताचा नमुना आधी घ्या, ग्रुप फोनवर कळवा. साइनस आहे, रक्त लागेल."

नाडी 58, बी.पी. 160/92. बाटल्या स्वच्छ झाल्या होत्या, हाताला कोमट लागत होत्या. लघवीची नळी घालून मॅनिटॉल सुरू केलं: 60 किलोला 60 ग्रॅम, म्हणजे 300 मिली, वीस मिनिटांत. नळी आधी घालावीच लागते, नाहीतर भरलेल्या मूत्राशयानं पेशंट तळमळतो आणि डोक्यातला दाब आणखी वाढतो.

शांता दारात उभी होती. "फोटूत काय दिसलं?"

संकेतनं तिला स्क्रीनपाशी नेलं. राखाडी पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे साठलेलं रक्त. मागचं हाड तडकलंय, त्यातून आलं. मिरजेला हाड उघडून काढतील. आता निघालो तर वेळेत आहोत."

"नागपूरच्या बाईनं सांगितलं व्हय?"

"त्यांनी आणि तुम्ही. फळीवरून पाठीमागं पडला हे तुम्ही सांगितलं. मी ते लिहायला पाहिजे होतं."

3 वाजून 12 मिनिटांनी ॲम्ब्युलन्स तासगावच्या रस्त्याला लागली. आत पिशवी आणि मास्क बाळूच्या डोक्याशी तयार होते, सोबतच्या डॉक्टरला संकेतनं कागदावर तीन ओळी लिहून दिल्या होत्या: दर पाच मिनिटांनी हाक मारायची, बाहुल्या बघायच्या, श्वास मंदावला तर वाट न बघता पिशवी दाबायची. वाटेत कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग होती. तासगाव सोडल्यावर फोन आला. हाक मारली की डोळे उघडतोय, नाडी 64.

4 वाजून 30 मिनिटांनी तो ओ.टी.त गेला.

पावणेसातला संकेतनं नागपूरला फोन लावला. मॅडमची पाळी संपत आली होती.

"मॅडम, मिरजेहून निरोप आलाय. रक्त काढलं, साइनसचं छिद्र दाबून बंद केलं. श्वासाची नळी अजून आहे, पण सांगितलं की हाताची मूठ वळतोय. दोन्ही हातांची."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. "आम्हाला कुणी कळवत नाही हो, रिपोर्ट गेल्यावर," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताची नीट वळतोय ना? त्यांना पुन्हा विचारा."