गट ब पूर्वसाठी माझे रोजचे प्रॉम्प्ट (कॉपी करून टाकायचे)

नवीन चॅट उघडली की सगळ्यात आधी हा

मी एमपीएससी गट ब पूर्वची तयारी करतेय, पुण्यात अभ्यासिकेत बसते, हा दुसरा अटेम्प्ट. पेपर 100 प्रश्न, 100 मार्क, एक तास, आणि चुकलेल्या प्रश्नाला पाव मार्क कट. तू माझा सर नाहीस, बाजूच्या टेबलवरचा पार्टनर आहेस, तसंच बोल. मी पेस्ट केलेल्या नोट्सच्या बाहेरचं एकही साल, कलम किंवा नाव स्वतःहून घालायचं नाही. परवा तू अकराव्या अनुसूचीत 18 विषय आणि बाराव्यात 29 असं बिनधास्त ठोकून दिलंस, नोट्स समोर उघड्या होत्या म्हणून वाचले, नाहीतर तेच पाठ करून बसले असते. नोट्समध्ये नसेल तर सरळ लिही "नोट्समध्ये नाही, पुस्तकात बघ". आणि "खूप छान प्रश्न", "शाब्बास" वगैरे काही नको, वेळ जातो. भाषा आयोगाच्या पेपरातली पाहिजे, म्हणजे घटनादुरुस्ती म्हणायचं, संविधान संशोधन नाही. समजलं असेल तर फक्त "हो" लिही आणि थांब.

सकाळची क्विझ, चहा संपायच्या आत

खालच्या नोट्सवरून 10 प्रश्न विचार, पण एका वेळी एकच. मी उत्तर दिल्याशिवाय पुढचा नाही आणि बरोबर उत्तर आधी दाखवायचं नाही. 10 पैकी 6 प्रश्न विधानांचे कर, अ, ब, क अशी तीन विधानं आणि पर्याय "फक्त अ आणि ब" टाइप. दोन जोड्या लावा. उरलेल्या दोनात "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" असं विचार, कारण मी घाईत "चुकीचे" शब्द खाऊन टाकते आणि बरोबर विधानाला गोल करून येते, मागच्या टेस्टला तीन प्रश्न असेच घालवले. चुकीचं विधान बनवताना उगाच हास्यास्पद बनवू नको, एकच आकडा किंवा एकच शब्द फिरव. बरोबर उत्तर सारखं दुसऱ्याच पर्यायाला ठेवतोस, ते पण बदल.

मी उत्तरासोबत एक अक्षर लिहीन: प म्हणजे पक्कं, द म्हणजे दोनात अडकले, तु म्हणजे तुक्का. ते सगळं लक्षात ठेव, शेवटी लागेल.

नोट्स: बलवंतराय मेहता समिती 1957, त्रिस्तरीय रचना सुचवली. पंचायत राजची सुरुवात 2 ऑक्टोबर 1959, नागौर, राजस्थान. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती 1960, जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961, अंमल 1 मे 1962. 73वी घटनादुरुस्ती 1992 ची, लागू 24 एप्रिल 1993, भाग 9, अकरावी अनुसूची, 29 विषय. 74वी लागू 1 जून 1993, भाग 9-अ, बारावी अनुसूची, 18 विषय. महिलांना घटनेनुसार किमान एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात 50 टक्के.

चुकलं की लगेच हा, पुढच्या प्रश्नावर पळायचं नाही

थांब, उत्तर सांगू नको. आधी मला विचार की मी तो पर्याय का निवडला. मी कारण लिहिलं की त्यातली नेमकी चुकीची कडी एका ओळीत दाखव, मग एक छोटा हिंट दे, आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचार. दुसऱ्यांदाही चुकले तरच समजावून सांग, तेही चार ओळींत. मी "माहीत नाही, असंच टाकलं" लिहिलं तर ते तुक्क्यात धर.

गोंधळाच्या जोड्या

माझा हा गोंधळ दोन वर्षं जात नाहीये. परमहंस सभा 1849, दादोबा पांडुरंग. प्रार्थना समाज 1867, आत्माराम पांडुरंग. दोघं सख्खे भाऊ, दोन्ही मुंबईत, त्यामुळे पेपरात नाव दिसलं की डोकं बंद पडतं. त्यात सार्वजनिक सभा 1870 पुणे, सत्यशोधक समाज 1873 पुणे आणि आर्य समाज 1875 मुंबई पण आहेतच. या पाचांवर 12 रॅपिड प्रश्न विचार. कधी साल देऊन संस्था विचार, कधी संस्था देऊन शहर, कधी दोन संस्था देऊन आधीची कोणती ते. एका ओळीचा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर. ट्रिक किंवा शॉर्टकट वाक्यं बनवून देऊ नको, तुझ्या ट्रिक मूळ माहितीपेक्षा लक्षात ठेवायला अवघड असतात.

समजलंय की नुसतं पाठ आहे, ते बघायला

आता मी समजावते आणि तू दहावीतला पोरगा हो, ज्याला काहीच माहीत नाही पण प्रश्न भयंकर पडतात. विषय धन विधेयक. मी सांगते ते असं: कलम 110, राष्ट्रपतींच्या शिफारशीने आणि लोकसभेतच मांडतात, राज्यसभेला 14 दिवसांत परत पाठवावं लागतं, तिच्या शिफारशी मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवते, आणि एखादं विधेयक धन विधेयक आहे का यावर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम. यात जिथे मी नुसतं वाक्य फेकलंय आणि कारण दिलं नाही तिथे "पण का?" विचार. 14 दिवसांत पाठवलंच नाही तर काय, हे नक्की विचार, कारण तिथे मी नेहमी त-त प-प करते. पाच "का" झाले की थांब आणि मी कुठे अडखळले तेवढंच लिही.

गणित

प्रश्न: अ एक काम 12 दिवसांत करतो, ब 18 दिवसांत. दोघांनी 4 दिवस केलं, मग अ गेला. उरलेलं काम ब किती दिवसांत करेल? माझी रीत: एकूण काम 36, अ रोज 3, ब रोज 2, चार दिवसांत 20 झालं, उरलं 16, भागिले 2 म्हणजे 8, अधिक आधीचे 4, उत्तर 12. उत्तरतालिकेत 8 आहे. पूर्ण सोडवून दाखवू नको, माझ्या कोणत्या पायरीला प्रश्न नीट वाचला नाही तेवढं बोट ठेव. मग याच प्रकारचे तीन दे, आकडे असे की लसावि तोंडी निघेल, आणि शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी वेगळं ठेव: कधी उरलेले दिवस, कधी एकूण दिवस, कधी कामाचा किती भाग.

रविवारी टेस्ट दिल्यावर

आजची टेस्ट: 84 सोडवले, 52 बरोबर, 32 चूक, म्हणजे 52 वजा 8, स्कोअर 44. फोड अशी: पक्कं 41, त्यात 36 बरोबर 5 चूक. दोनात अडकले 27, त्यात 13 बरोबर 14 चूक. तुक्का 16, त्यात 3 बरोबर 13 चूक. तुक्क्यात तीन मिळाले आणि सव्वातीन गेले, म्हणजे 16 प्रश्न वाचून वर पाव मार्क दान केला. दोनात अडकलेल्यांनी मात्र साडेनऊ दिले, तर ते सोडू नको असं मला वाटतं, पटत नसेल तर हिशोब मांडून दाखव, नुसतं मत नको. आणि ते पक्के वाटून चुकलेले 5 मी खाली पेस्ट करते एकेक करून, सुरुवात त्यांच्यापासून, कारण जे येत नाही ते मी वाचते तरी, जे येतंय असं वाटतं ते कधीच परत उघडत नाही. टाइमटेबल बनवून देऊ नको, भिंतीवर तीन चिकटवलेत.

परीक्षेच्या आदल्या रात्री

आज नवीन काहीच नाही. वरच्या चॅटमध्ये मी ज्याला "प" लिहून चुकले तेवढेच प्रश्न परत विचार, जास्तीत जास्त 15. साडेनऊला मेसचा डबा येतो, तेव्हा मी जाणार, मध्येच थांबले तर कुठपर्यंत आलो ते लिहून ठेव. मी अकरानंतर आले तर प्रश्न विचारू नको, झोप म्हण.